आक्काचे तीन कागद आणि एका रुपयाची दोन नावं

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात कुणी निवृत्त माणूस आहे आणि त्याचे पैसे एफडी सोडून डेट फंडात किंवा बाँडमध्ये आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. रिटर्न भरायच्या आधी वाचलीत तर जास्त बरं.

परवा पावसात भिजत आक्का आली. माझी चुलत बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. उत्तरेश्वर पेठेत जुनं घर आहे, त्याच्या माडीचं कौलारू छप्पर यंदा काढून पत्रा आणि लोखंडी कैच्या घातल्या. त्यासाठी मार्च महिन्यात तिनं सगळी गुंतवणूक मोडली. आता रिटर्नची वेळ आली, तर भरून देणाऱ्यानं सांगितलं की मॅडम, साधारण दहा हजार भरायला लागतील.

"माझं पेन्शन महिन्याला छप्पन्न हजार. बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून पेपरात मोठ्या अक्षरात आलं होतं की रे. मग मी दहा हजार कशाचे भरू?" आक्का प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवत म्हणाली. पिशवीत तीन कागद होते. म्युच्युअल फंडाचं भांडवली नफ्याचं स्टेटमेंट, बाँड घेतल्याची ब्रोकरची पावती आणि आयकर खात्याच्या पोर्टलवरून काढलेलं एआयएस.

मी आयुष्यभर बँकेत काउंटरच्या आत बसलो. व्याज म्हणजे व्याज, एवढंच आम्हाला माहीत. निवृत्तीनंतर नातेवाइकांची रिटर्न्स बघता बघता कळलं की कर्जाऊ दिलेल्या पैशावर मिळणाऱ्या रुपयाला कायद्यात दोन नावं आहेत. एक व्याज, दुसरं भांडवली नफा. रुपया तोच, पण नाव बदललं की दर बदलतो, सवलत बदलते आणि तोटा कुठं वजा करायचा तेही बदलतं. आक्काच्या तीन कागदांत हे सगळं एकाच वेळी सापडलं, म्हणून तिच्या परवानगीनं लिहितोय. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोळा करून घेतलेत.

आधी पहिला कागद, फंडाचा.

आक्कानं एका डेट फंडात, ग्रोथ पर्यायात, दोनदा पैसे घातले होते. पहिल्यांदा २८ मार्च २०२३ ला तीन लाख रुपये, एनएव्ही ३० रुपये, म्हणजे दहा हजार युनिट्स. दुसऱ्यांदा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दीड लाख रुपये, एनएव्ही ३१ रुपये २५ पैसे, म्हणजे ४,८०० युनिट्स. फंड एकच, फोलिओ एकच. ३० मार्च २०२६ ला सगळी युनिट्स ३६ रुपये ६० पैशांनी मोडली.

फंडाच्या पोटात काय असतं? सरकारी रोखे, कंपन्यांचे बाँड, बँकांची ठेवपत्रं. त्यांच्यावर रोज व्याज साचतं. पण ग्रोथ पर्यायात ते व्याज आक्काच्या खात्यात येत नाही, फंडातच राहतं आणि एनएव्ही वाढवतं. एफडीचं व्याज हातात आलं नाही तरी आपण वर्षाच्या वर्षाला उत्पन्नात धरतो. फंडात युनिट मोडेपर्यंत कर नाही आणि मोडल्यावर जे मिळतं त्याला कायदा व्याज म्हणत नाही, भांडवली नफा म्हणतो. त्याच फंडात लाभांशाचा पर्याय घेतला असता तर मधे मधे आलेली रक्कम नफा न ठरता 'इतर उत्पन्न' ठरली असती, स्लॅबप्रमाणे. वर्षाला दहा हजारांच्या वर गेली असती तर दहा टक्के टीडीएसही कापला गेला असता. म्हणजे फॉर्म भरताना कुठल्या चौकोनात खूण केली त्यावर रुपयाचं नाव ठरतं.

आता २८ मार्च २०२३ ही तारीख. ती काही योगायोगाची नव्हे.

२४ मार्च २०२३ ला लोकसभेत वित्त विधेयक मंजूर झालं. त्यात ऐन वेळी एक दुरुस्ती घातली होती. ज्या फंडात देशी कंपन्यांचे शेअर्स ३५ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, त्याची १ एप्रिल २०२३ पासून घेतलेली युनिट्स कितीही वर्षं ठेवली तरी नफा अल्पकालीनच धरायचा आणि स्लॅबनं कर लावायचा. हे कलम ५०एए. त्याआधी तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या युनिट्सना महागाई निर्देशांकाचा फायदा मिळायचा. खरेदी किंमत निर्देशांकानं वाढवून घ्यायची आणि उरलेल्या नफ्यावर वीस टक्के. मग काय, मार्चच्या त्या शेवटच्या आठवड्यात एकच घाई उडाली. "३१ तारखेच्या आत घ्या, जुना फायदा कायम राहील," असे मेसेज फिरत होते. आक्काच्या ओळखीतल्या एकानंही तेच सांगितलं आणि तिनं तीन लाख घातले. सल्ला त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे चुकीचा नव्हता.

पण २३ जुलै २०२४ चा अर्थसंकल्प आला आणि निर्देशांकच गेला. त्या दिवसापासून जुन्या युनिट्सना, म्हणजे १ एप्रिल २०२३ च्या आधी घेतलेल्यांना, मुदत तीन वर्षांऐवजी दोन वर्षं केली आणि दर सरसकट साडेबारा टक्के, महागाईची वजावट काही नाही. युनिट्स आधीच घेतलेली असली तरी विक्री नंतरची, म्हणून नियमही नंतरचा.

आक्काच्या पहिल्या तीन लाखांचे झाले ३,६६,०००. नफा ६६,०००. निर्देशांक २०२२-२३ चा ३३१ आणि २०२५-२६ चा ३७६. जुना नियम राहिला असता तर तीन लाखांची किंमत ३,४०,७८५ धरली असती, नफा २५,२१५ उरला असता आणि त्यावर वीस टक्के म्हणजे ५,०४३ रुपये. आताच्या नियमानं पूर्ण ६६,००० वर साडेबारा टक्के म्हणजे ८,२५०. दर कमी दिसतो, कर जास्त बसतो. हा झाला पहिला धडा: दर ऐकून निम्मीच गोष्ट कळते, तो कुठल्या रकमेवर लावायचा ते आधी विचारायला हवं.

आता दुसरे दीड लाख. त्यांचे झाले १,७५,६८०. नफा २५,६८०. ही खरेदी नोव्हेंबर २०२३ ची, म्हणून कलम ५०एए. नफा अल्पकालीन, स्लॅबप्रमाणे, पेन्शनमध्ये मिळवायचा.

भरून देणाऱ्यानं पहिली चूक इथं केली होती. फंड एक, मोडल्याची तारीख एक, दोन्ही खरेदी दोन वर्षांपेक्षा जुन्या, म्हणून त्यानं दोन्ही नफे एकत्र करून ९१,६८० दीर्घकालीन दाखवले आणि सगळ्यावर साडेबारा टक्के लावले. स्टेटमेंट नीट बघितलं असतं तर चूक लगेच दिसली असती. कॅम्स किंवा केफिनटेककडून येणाऱ्या भांडवली नफ्याच्या स्टेटमेंटमध्ये प्रत्येक खरेदीची ओळ वेगळी असते. त्यात विक्रीची तारीख न बघता खरेदीची तारीख बघायची. ३१ मार्च २०२३ पर्यंतची ओळ एका ढिगात, त्यानंतरची दुसऱ्या ढिगात.

"पण दोन्हीतला नफा तर नफाच. ढीग वेगळा केल्यानं माझं काय वाचतंय?" आक्कानं विचारलं.

वाचतंय ते असं. बारा लाखांपर्यंत कर नाही हे जे आपण ऐकतो, ते खरं तर कर माफ करणं आहे. नव्या कर पद्धतीत चार लाखांच्या वर स्लॅबनं कर लागतो, आणि एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए खाली साठ हजारांपर्यंतचा तो कर सोडून दिला जातो. पण सूट फक्त स्लॅबनं काढलेल्या कराला. ज्या उत्पन्नाला कायद्यानं वेगळा खास दर ठरवून दिलाय, त्या करावर ही सूट नाही. साडेबारा टक्के हा खास दर आहे.

आता गंमत बघा. ५०एए ला लोकांनी २०२३ साली शिव्या घातल्या, कारण त्यानं डेट फंड एफडीच्या पंगतीत आणून बसवला. पण आक्कासारख्या माणसाला ते कलम फायद्याचं आहे. तिचा २५,६८० चा नफा स्लॅबमध्ये जातो, त्यावरचा कर ८७ए मध्ये माफ होतो. कर शून्य. आणि जे ६६,००० घाईघाईनं 'कर वाचवायला' मार्चमध्ये घातलेल्या पैशांवर मिळाले, त्यांना खास दराचा मान मिळाला, म्हणून माफी नाही. तिनं तेच तीन लाख आठवडाभर उशिरा, एप्रिलमध्ये घातले असते, तर त्यावर आज एक रुपया कर बसला नसता.

हे ऐकून आक्का थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी पळत जाऊन गाडी पकडली, आणि ती भलत्याच गावाला गेली."

मला या गोष्टीचा राग कुठं येतो ते सांगतो. माझ्या ओळखीतला एक डॉक्टर आहे, तीस टक्क्यांच्या स्लॅबमधला. त्यानंही त्याच आठवड्यात तोच प्रकार केला होता. त्याला या साडेबारा टक्क्यांनी तीस टक्क्यांपासून वाचवलं. आक्काचा खरा दर शून्य, तिला त्याच नियमानं साडेबारावर नेलं. 'दीर्घकालीन' हा शब्द सवलतीचा वाटतो, पण ती सवलत ज्याचा स्लॅब साडेबारापेक्षा वर आहे त्यालाच. खालच्या माणसाला तो दंड होतो. ज्याचं एकूण उत्पन्न चार लाखांच्या आत आहे, उदाहरणार्थ घरी असलेली गृहिणी, तिला एक दार उघडं आहे: चार लाखांना जेवढं कमी पडतं तेवढा दीर्घकालीन नफा त्यात भरून घेता येतो, उरलेल्यावरच साडेबारा टक्के. चार लाखांच्या वर आणि बारा लाखांच्या आत जो वर्ग आहे, शिक्षक, कंडक्टर, तलाठी, बँकेतले माझ्यासारखे कारकून, यांचे पेन्शनर, तोच नेमका कात्रीत सापडतो. बारा लाखांची जाहिरात याच वर्गासाठी होती ना?

आणखी एक. आक्कानं विचारलं, की मी फक्त नवीन युनिट्स मोडली असती आणि जुनी ठेवली असती तर? चालत नाही. एका फोलिओत जी युनिट्स आधी आली ती आधी गेली असं धरतात. दीड लाख काढले असते तरी ती जुनी, कर बसणारीच युनिट्स गेली असती. दुसरी खरेदी वेगळ्या फोलिओत असती तर कुठलं मोडायचं ते ठरवता आलं असतं. घरात जुनी आणि नवी अशी मिसळ असेल तर मोडण्याआधी हे बघून घ्या, मोडल्यावर काही हातात राहत नाही.

आता बाँड. इथं दुसरी चूक होती, आणि ती जास्त शिकवणारी.

आक्कानं मे २०२४ मध्ये एका वित्त कंपनीचे एक्स्चेंजवर नोंदलेले दोनशे बाँड घेतले. दर्शनी किंमत हजार रुपये, व्याज ९.६ टक्के, वर्षातून एकदा, डिसेंबरच्या सुरुवातीला. मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली. ब्रोकरच्या पावतीवर दोन आकडे होते. बाँडची किंमत १,०१० रुपये आणि त्याखाली 'साचलेलं व्याज' ४० रुपये. एका बाँडला १,०५० मोजले, दोनशेचे झाले २,१०,०००.

साचलेलं व्याज म्हणजे काय? मागच्या डिसेंबरपासून मे पर्यंत पाच महिने झाले होते. महिन्याला आठ रुपये, पाच महिन्यांचे चाळीस. ते विकणाऱ्याच्या हक्काचे, पण कंपनी देणार डिसेंबरमध्ये आणि त्या वेळी ज्याच्या नावावर बाँड असेल त्याला. म्हणून विकणारा ते चाळीस रुपये घेणाऱ्याकडून आधीच वसूल करतो.

मी हे समजावून सांगत होतो तेव्हा आक्कानंच मधे तोडलं. तिचं माहेर करवीर तालुक्यातलं, घरात म्हशी. म्हणाली, "म्हणजे पाच महिन्यांची गाभण म्हैस घेतल्यासारखं की. भाकड म्हशीपेक्षा जास्त पैसे मोजायचे, कारण पोटातलं रेडकूही आपण विकत घेतोय."

अगदी तेच. आणि पुढचंही तसंच. रेडकू जन्मलं की ते पूर्णच्या पूर्ण आपल्या नावावर. आधीचे पाच महिने म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात होती हे कुणी विचारत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आक्काला बाँडमागे ९६ रुपये व्याज आलं, दोनशेचे १९,२००. तिचे महिने सातच, पण कायद्याच्या नजरेत सगळे ९६ तिचं व्याज. त्यातून ४० वजा करू देत नाहीत. गुंतवणूक म्हणून रोखे घेणाऱ्यानं विकणाऱ्याला दिलेलं असं साचलेलं व्याज हा खरेदीच्या भांडवलाचा भाग, व्याजातून कापायचा खर्च नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या जुन्या खटल्यात सांगून ठेवलंय.

मग ते ४० रुपये गेले कुठं? म्हशीच्या किमतीत गेले. म्हणजे आक्काची बाँडची खरेदी किंमत १,०१० नव्हे, १,०५०. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीनं शेवटचं ९६ रुपये व्याज दिलं आणि मुद्दल परत केलं १,००० रुपये. आता गाभण म्हणून घेतलेली म्हैस भाकड किमतीला गेली. प्रत्येक बाँडवर ५० रुपये तोटा, दोनशेवर १०,०००. एक्स्चेंजवर नोंदलेला बाँड बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवला की दीर्घकालीन होतो. आक्कानं एकोणीस महिने ठेवला, म्हणून हा दीर्घकालीन भांडवली तोटा.

आक्काच्या हिशोबानं व्यवहार साधा आहे. २,१०,००० घातले, दोन वेळचं व्याज ३८,४०० आणि मुद्दल दोन लाख मिळून २,३८,४०० आले, फायदा २८,४००. कायदा तो एक आकडा बघतच नाही. त्याला दिसतं व्याज ३८,४००, आणि वेगळ्या खान्यात तोटा १०,०००. तो तोटा व्याजातून वजा होत नाही, पेन्शनमधून होत नाही, आणि दीर्घकालीन असल्यानं ५०एए च्या अल्पकालीन नफ्यातूनही होत नाही. तो फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच जातो.

आणि आक्काकडं दीर्घकालीन नफा होता! मार्च २०२३ च्या युनिट्सचा. ६६,००० वजा १०,०००, उरले ५६,०००.

भरून देणाऱ्यानं हा तोटा दाखवलाच नव्हता. त्याचंही कारण समजतं. एआयएसमध्ये व्याज दिसतं, त्यावर कापलेला दहा टक्के टीडीएस, म्हणजे १,९२० रुपये, तोही दिसतो. त्यानं व्याजाचा आकडा घेतला आणि पुढं गेला. 'मुदत संपली, मुद्दल परत मिळालं, त्यात नफा-तोटा कसला' असं त्याला वाटलं असणार. दर्शनी किमतीला, पहिल्याच विक्रीत घेतलेला बाँड असता तर ते बरोबरच होतं. दुसऱ्याकडून, चढ्या किमतीला किंवा साचलेल्या व्याजासह घेतला असेल तर मुदतपूर्तीलाही नफा-तोटा काढावाच लागतो. आणि काढला तरी अनेक जण पावतीवरची १,०१० हीच किंमत धरतात. तसं केलं असतं तर तोटा दहा हजारांऐवजी दोन हजारच दिसला असता. खूण एकच: बँकेतून प्रत्यक्ष गेलेली रक्कम बघा. ती २,१०,००० असेल तर खरेदी २,१०,००० ची.

उलट्या बाजूनंही एक सावधगिरी. व्याजाच्या तारखेच्या जरा आधी बाँड विकून टाकला तर साचलेलं व्याज विक्रीच्या किमतीतून येतं आणि नफ्याचं नाव घेतं. हे बघून काही जणांना युक्ती सुचते, की व्याजाच्या तोंडावर विकायचं आणि नंतर परत घ्यायचं. ही युक्ती फार जुनी आहे आणि ती रोखायला कलम ९४ ठेवलेलं आहे. त्याच्या नादाला लागू नका.

आता तिन्ही कागद एकत्र मांडतो.

आक्काचं वर्षाचं पेन्शन ६,७५,०००. पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ६,००,०००. त्यात बाँडचं या वर्षीचं व्याज १९,२०० आणि नव्या युनिट्सचा नफा २५,६८०. स्लॅबचं उत्पन्न झालं ६,४४,८८०. त्यावर पाच टक्क्यांनी कर १२,२४४, तो ८७ए मध्ये सगळा माफ. दीर्घकालीन नफा ५६,०००, त्यावर साडेबारा टक्के ७,००० आणि चार टक्के उपकर २८०. एकूण ७,२८०. टीडीएस १,९२० आधीच जमा. भरायचे उरले ५,३६०.

भरून देणाऱ्याच्या हिशोबात ९१,६८० वर साडेबारा टक्के, उपकरासह ११,९१८, टीडीएस जाऊन ९,९९८. दोन्हींतला फरक चार हजार सहाशे अडतीस रुपयांचा. कैचीच्या एका खेपेच्या टेम्पोभाड्याला आणि दोन गवंड्यांच्या मजुरीला पुरले असते एवढे पैसे, नुसते खाने चुकल्यानं जाणार होते.

आणि चूक दुसऱ्या बाजूलाही होऊ शकली असती, ती जास्त महागात पडते. डेट फंड म्हणजे सगळं स्लॅबनं, असं धरून ६६,००० पण पेन्शनमध्ये मिळवले असते तर कर शून्य आला असता आणि आक्का खूश झाली असती. मग वर्षभरानं खात्याची नोटीस, वर व्याज. फंडाकडून खात्याला तारखांसकट माहिती जाते, त्यामुळं ते लपत नाही. शून्य आलं म्हणून लगेच आनंद मानू नका, आणि दहा हजार आले म्हणून लगेच भरूही नका.

एक गोष्ट फॉर्मची. आक्का दरवर्षी आयटीआर-१ भरायची. यंदा तो चालणार नाही. डेट फंड मोडला किंवा बाँडवर नफा-तोटा झाला की आयटीआर-२ लागतो, कारण भांडवली नफ्याचे ते खाने त्यातच आहेत. ज्यांचा तोटा या वर्षी वजा होत नाही त्यांनी रिटर्न मुदतीतच भरावं. मग तो तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. मुदत चुकली की तोटा बुडाला.

आणि मी वर जी कलमं लिहिली ती १९६१ च्या कायद्यातली. २०२५-२६ च्या उत्पन्नाला तीच लागतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय, त्यात कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळं पुढच्या वर्षी हेच आकडे शोधत बसू नका. शिवाय हे सगळं नव्या कर पद्धतीचं आहे. जुनी पद्धत घेणाऱ्यांचं सवलतीचं गणित वेगळं. आणि एक्स्चेंजवर न नोंदलेला बाँड असेल तर बारा महिन्यांचा हा हिशोब त्याला लागत नाही. २३ जुलै २०२४ पासून त्याचा नफा कितीही दिवस ठेवला तरी स्लॅबनंच. म्हणून ॲपवर बाँड घेताना व्याजदराच्या आधी 'नोंदलेला आहे का' ते वाचा.

काल आक्काचं रिटर्न भरलं. ५,३६० तिनं स्वतःच्या मोबाईलवरून भरले. भरून देणाऱ्याला मी फोन केला होता. बिचारा भांडला नाही. म्हणाला, "साहेब, जुलैत दिवसाला पन्नास रिटर्न्स असतात, दुसरी तारीख बघायला वेळ कुणाला?" त्याचंही खोटं नाही. पण मग ती तारीख आपणच बघायला पाहिजे.

जाताना आक्का दारात छत्री उघडत म्हणाली, "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, दोन आणि दोन चार. ह्या लोकांनी दोन इकडं लिहायला लावलं आणि दोन तिकडं. आता चार कुणाला सांगू?"

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या घरातल्या आक्काला तिचे कागद मागा. फंडाच्या स्टेटमेंटवर ३१ मार्च २०२३ ची रेघ मारा, आणि बाँडच्या पावतीवर साचलेल्या व्याजाची ओळ शोधा. एवढं केलंत तरी खूप झालं.